पादचारी पुलावरून धावणारी रुग्णवाहिका

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांना मिळून एकच रुग्णवाहिका केंद्र पुरे, ते अंबरनाथात उभारा, म्हणजे वीस मिनिटांत कुठेही पोहोचता येईल, असे म्हणणारी माणसे मला वारंवार भेटतात. त्यांच्या हातात बहुधा एक नकाशा असतो. अंबरनाथवर एक ठिपका, त्याभोवती हिरवा डाग, आणि त्या डागात तिन्ही शहरे आरामात मावलेली. डाग गोल असला तर तो नुसता कंपासने काढलेला आहे हे कोणालाही कळते आणि वाद लवकर संपतो. पण हल्ली डाग गोल नसतो. कडा वेड्यावाकड्या असतात, मोठ्या रस्त्यांच्या दिशेने त्याला बोटे फुटलेली असतात. 'हा रस्त्यांच्या जाळ्यावरून, प्रवासाच्या वेळेनुसार काढलेला आहे' असे सांगितले की समोरचा गप्प बसतो. माझे भांडण या दुसऱ्या नकाशाशी आहे, कारण तो पहिल्याइतकाच चुकीचा असू शकतो आणि दिसतो मात्र शहाणा.

आधी त्यांच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य करतो. अंबरनाथ मध्ये आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने मोजले तर उल्हासनगर ५८व्या किलोमीटरच्या आसपास, अंबरनाथ ६०च्या आणि बदलापूर ६८च्या. म्हणजे एका बाजूला दोन किलोमीटर, दुसऱ्या बाजूला आठ. मध्य अगदी मध्यावर नाही, पण तिन्हींत सर्वांत मधले शहर तेच. शिवाय वीस मिनिटांचा निकषही त्यांनी मनाने काढलेला नाही. १०८ क्रमांकाच्या सेवेत शहरी भागासाठी वीस आणि ग्रामीण भागासाठी तीस मिनिटे हेच माप सांगितले जाते.

पण ही अंतरे रुळांवरची आहेत, आणि रुग्णवाहिका रुळांवरून धावत नाही. उलट या तीन शहरांत रूळ हीच तिची सर्वांत मोठी अडचण आहे. इथे पत्ता विचारला की पहिला प्रश्न 'ईस्ट की वेस्ट?' हाच येतो. उल्हासनगरचे पहिले तीन कॅम्प रुळांच्या पश्चिमेला, चौथा आणि पाचवा पूर्वेला. अंबरनाथचे शिवमंदिर पूर्वेला, आयुध निर्माणी पश्चिमेला. बदलापुरात उल्हास नदी पश्चिमेच्या वस्तीला टेकलेली. चालणाऱ्या माणसाला पूर्व आणि पश्चिम यांच्यात स्टेशनचा एक जिना असतो. चाकांवरच्या माणसाला मात्र मोजक्याच जागा आहेत, आणि त्या जागांवर सारे गाव एकदम येते. संध्याकाळी बदलापूरच्या उड्डाणपुलावर उभे राहिलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

आता तो शहाणा दिसणारा नकाशा कसा तयार होतो ते पाहू. रस्त्यांचे जाळे बहुधा ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतले जाते, कारण ते फुकट आहे आणि या भागात बऱ्यापैकी भरलेले आहे. त्यात प्रत्येक रस्ता ही एक रेषा, आणि जिथे दोन रस्ते खरोखर मिळतात तिथे दोन्ही रेषांचा एक सामाईक बिंदू. प्रत्येक तुकड्याची लांबी भागिले त्यावरचा वेग म्हणजे तो तुकडा ओलांडायला लागणारा वेळ. मग केंद्राच्या जागी जणू पाणी ओतायचे आणि ते रस्त्यारस्त्याने पसरू द्यायचे. ज्या चौकात ते आधी पोहोचेल त्या चौकाचा तो वेळ. ठरलेली मिनिटे संपली की थांबायचे. ही रीत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५९ साली छापली आणि आजचे बहुतेक मार्ग शोधणारे कार्यक्रम तिच्याच वंशातले आहेत. रीतीत खोट नाही. पाणी मुरते ते जाळ्यात आणि वेगात.

मला एकदा असा नकाशा दाखवण्यात आला, की त्यात रुळांचा कुठे मागमूसच नव्हता. पूर्वेला ठेवलेल्या केंद्राचा रंग पश्चिमेला सहज पसरलेला, जणू मध्ये काहीच नाही. मी काढणाऱ्याला विचारले, रस्ते निवडताना काय गाळले? त्याने काहीच गाळले नव्हते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मोटारीच्या रस्त्याला, पायवाटेला आणि जिन्याला `highway` हाच शब्द लावतात, फक्त किंमत वेगळी. `highway=primary` हा मोठा रस्ता, `highway=footway` ही पायवाट, `highway=steps` हा जिना. सगळे उचलले की स्टेशनचा पादचारी पूलही जाळ्यात येतो. क्यूजीआयएसमध्ये सेवाक्षेत्र काढणाऱ्या अवजाराला वेगाचा स्तंभ दाखवला नाही, तर ते प्रत्येक रेषेला ताशी ५० किलोमीटर हा वेग धरते. म्हणजे या नकाशात रुग्णवाहिका स्टेशनचा जिना चढत होती, गर्दीतून पूल ओलांडत होती आणि पलीकडे उतरत होती, तेही ताशी ५०च्या वेगाने. साठ मीटरचा पूल चार सेकंदांत पार. कागदी घोडे नाचवतात हे ऐकले होते, ही कागदी रुग्णवाहिका निघाली.

त्याच अवजारात आणखी एक खड्डा आहे. 'सर्वांत जलद' हा पर्याय निवडला की प्रवासाची मर्यादा तासांत द्यावी लागते. कोणी सवयीने २० लिहिले, तर वीस तासांचा नकाशा मिळतो आणि जाळ्यातला प्रत्येक रस्ता रंगतो. ही चूक निदान लपत नाही. पादचारी पुलाची चूक लपते, कारण तिने काढलेला आकार पटण्याजोगा असतो.

ती कशी पकडायची? रुळांच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, अशा दहाबारा जोड्या घ्या. बदलापूर स्टेशनची पूर्व बाजू आणि पश्चिम बाजू, अंबरनाथची दोन्ही प्रवेशद्वारे, चौथ्या कॅम्पची रुळांकडची कड आणि तिसऱ्या कॅम्पची रुळांकडची कड. प्रत्येक जोडीचे सरळ रेषेतले अंतर आणि जाळ्यावरून गाडीचे अंतर काढा, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. एकाच बाजूच्या दोन चौकांत हा भागाकार साधारण १.३ येतो, कारण गल्ल्या वळतात. रुळांच्या आरपार मात्र तो तीन, पाच, कधी त्याहूनही अधिक यायला हवा. दीडशे मीटरवरच्या जागी जायला गाडीला उड्डाणपुलाला वळसा घालावा लागतो. आरपारच्या जोडीलाही १.३ आले, तर जाळे गळते आहे. उलटेही घडते. उड्डाणपूल काढणाऱ्याने त्याचे टोक खालच्या रस्त्याला जोडलेलेच नसते आणि अख्खी पश्चिम 'पोहोचत नाही' अशी दिसते. किंवा कोणी रेषा जिथे जिथे एकमेकींना छेदतात तिथे तिथे त्या तोडून टाकतो, आणि मग पुलावरून जाणारी गाडी मध्येच खालच्या रस्त्यावर उडी मारते. या तिन्ही चुका या एका भागाकारात दिसतात, आणि हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. ते न करता कोणी नकाशा दाखवत असेल, तर त्याने आपले जाळे तपासलेले नाही.

गळती बुजवणे कठीण नाही. पायथनमधल्या ओएसएमएनएक्स या संचात गाडीचेच जाळे मागता येते:

```python
import osmnx as ox, networkx as nx
G = ox.graph_from_point((19.21, 73.19), dist=12000,
                        network_type="drive")
kmph = {"primary": 22, "secondary": 18,
        "tertiary": 15, "residential": 10}
G = ox.add_edge_speeds(G, hwy_speeds=kmph)
G = ox.add_edge_travel_times(G)
src = ox.nearest_nodes(G, 73.19, 19.21)
t = nx.single_source_dijkstra_path_length(
        G, src, cutoff=16*60, weight="travel_time")
```

इथे `"drive"` म्हटल्याने पायवाटा, जिने आणि खासगी म्हणून नोंदलेले रस्ते गळतात. खासगी रस्त्यांचा मुद्दा अंबरनाथात क्षुल्लक नाही. आयुध निर्माणीसारख्या बंदिस्त आवारातले रस्ते नकाशावर छान जोडलेले दिसतात, पण तिथे फाटक असते आणि फाटकावर पहारा. अक्षांश-रेखांशांचा क्रम मात्र सांभाळा. पहिल्या ओळीत अक्षांश आधी आहे, `nearest_nodes` मध्ये रेखांश आधी. वेगांचे आकडे उदाहरणादाखल आहेत, त्यांच्याकडे आता येतो. `16*60` म्हणजे सोळा मिनिटांचे सेकंद. वीस का नाहीत, हे त्याहून महत्त्वाचे.

वीस मिनिटे फोन लागल्यापासून मोजायची असतात, गाडीचे चाक फिरल्यापासून नाहीत. फोन घेणाऱ्याने काय झाले ते समजून घेणे, पत्ता समजून घेणे, गाडी निवडणे, डॉक्टर आणि चालक यांनी गाडीत बसून निघणे, याला चार मिनिटे धरली तर ती कोणालाही जास्त वाटू नयेत. उल्हासनगरला तर कमीच. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवले गेले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तिथे पत्ता सांगताना बराकीचा क्रमांक आणि सेक्शन सांगतात. बराकी कधीच्या पाडल्या गेल्या, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, क्रमांक राहिले. पुण्यात किंवा मुंबईत बसून फोन घेणाऱ्याला तो क्रमांक नकाशावर कुठे शोधायचा हे चटकन कळेलच असे नाही. म्हणून वीसातून चार वजा. प्रवासाला सोळा.

आता वेग. समजा, केंद्र अंबरनाथ पूर्वेला आहे आणि रुग्ण बदलापूर पश्चिमेला, नदीच्या बाजूच्या वस्तीत. संध्याकाळी सात वाजले आहेत. हिशेब समजावा म्हणून आकडे मी धरलेले आहेत, पण या रस्त्याने रोज जाणाऱ्याला ते परके वाटणार नाहीत. अंबरनाथच्या वस्तीतून बाहेर पडायला दोन किलोमीटर, ताशी १५ने, आठ मिनिटे. दोन शहरांमधला मोकळा टप्पा पाच किलोमीटर, ताशी ३५ने, साडेआठ मिनिटे. बदलापूर पूर्वेच्या बाजारपेठेतून दीड किलोमीटर, ताशी १२ने, साडेसात मिनिटे. उड्डाणपूल आणि त्याची दोन्ही टोके मिळून एक किलोमीटर, ताशी १२ने, पाच मिनिटे. पश्चिमेला उतरून शेवटचा एक किलोमीटर, ताशी १५ने, चार मिनिटे. एकूण साडेदहा किलोमीटर, तेहेतीस मिनिटे.

हेच साडेदहा किलोमीटर ताशी ५०च्या सपाट वेगाने काढले, तर साडेबारा मिनिटे येतात आणि रुग्ण हिरव्या डागात आरामात बसतो. पहाटे तीन वाजता, मोकळ्या रस्त्याने सरासरी ४०चा वेग मिळाला, तर पावणेसोळा मिनिटे, म्हणजे सोळाच्या मर्यादेत कसाबसा. तेच घर, तेच केंद्र, तोच रस्ता. पहाटे डागाच्या काठावर, संध्याकाळी डागाच्या बाहेर सतरा मिनिटे. मग 'वीस मिनिटांचे सेवाक्षेत्र' हा एक आकार कसा असेल? निदान दोन आकार असतील, रात्रीचा आणि संध्याकाळचा. जो एकच दाखवतो, त्याने यातला कोणता दाखवला हे सांगितले पाहिजे, आणि मी पाहिलेल्या नकाशांवर ते कधीच लिहिलेले नसते.

वेगात थोडी ढिलाई केली तर काय बिघडते, असे विचारणारेही आहेत. ढिलाई क्षेत्रफळात वर्गाने वाढते. ताशी ५०ने वीस मिनिटांत पावणेसतरा किलोमीटर जाता येते, ताशी १८ने सोळा मिनिटांत पावणेपाच. जाळे दोन्ही वेळी सारखेच पसरले असे धरले, तरी पहिला डाग दुसऱ्याच्या सुमारे बारापट निघतो. एका केंद्रात तिन्ही शहरे मावण्याचे श्रेय बहुतेक वेळा या बारापटीचे असते, जागेच्या निवडीचे नसते.

मग वेग आणायचे कुठून? ओपनस्ट्रीटमॅपमध्ये काही रस्त्यांवर `maxspeed` लिहिलेले असते, आणि वरच्या कार्यक्रमात ते जिथे असेल तिथे माझ्या कोष्टकाला बाजूला सारून तेच वापरले जाते. ती कायद्याने घातलेली मर्यादा आहे. सायंकाळी सातला बाजारपेठेत ती मर्यादा ओलांडण्याची चिंता कोणालाच नसते. म्हणून ती खोडूनच टाकावी. खरा स्रोत म्हणजे रुग्णवाहिकांवर बसवलेल्या जीपीएसच्या नोंदी, आणि त्या मिळत नसतील तर स्वतः मोजलेल्या फेऱ्या. फोनवर मार्गाची नोंद ठेवणारे एखादे ॲप चालू करायचे, रिक्षात बसायचे, आणि दहापंधरा मार्ग निरनिराळ्या वेळी पार करायचे. नंतर रस्त्याचा प्रकार आणि वेळ यांनुसार वेग वाटून घ्यायचे, निम्म्या फेऱ्या वेग ठरवायला वापरायच्या आणि उरलेल्या निम्म्या फेऱ्या ते वेग तपासायला. तपासाच्या फेऱ्यांत हिशेबाचा वेळ आणि घड्याळाचा वेळ यांत सवयीने पाच मिनिटांचा फरक पडत असेल, तर नकाशावर एक रेघ काढण्याचा हक्क राहत नाही. पाच मिनिटांचा पट्टा काढावा लागतो, आणि या पट्ट्यात काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही असे लिहावे लागते.

इथे हमखास एक उत्तर येते. रुग्णवाहिकेला सायरन असतो, तिला साध्या गाड्यांचे वेग लावू नका. हा त्यांचा सर्वांत चांगला मुद्दा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. सायरनने सिग्नलवरचा वेळ वाचतो, रुंद रस्त्यावर विरुद्ध बाजूने घुसता येते, मोकळ्या टप्प्यावर वेग वाढतो. पण सायरन बाजूला व्हायला सांगतो आणि बाजूला व्हायला जागा लागते. दोन पदरी पुलावर, दोन्ही बाजूंना कठडा, पुढे बस आणि मागे टेम्पो असताना बसवाल्याने जायचे कुठे? वरच्या हिशेबात मोकळ्या टप्प्यावर सायरनने ताशी ३५चे ५० झाले तर अडीच मिनिटे वाचतात. तेहेतीसचे साडेतीस होतात. जिथे सायरन चालतो तिथे उशीर नाहीच, आणि जिथे उशीर आहे तिथे सायरन चालत नाही. सायरनची सूट द्यायचीच असेल, तर ती रस्त्याच्या रुंदीनुसार द्या, साऱ्या जाळ्याला एकाच गुणकाने नको.

दुसरे उत्तर असते की हे सगळे कशाला, फोनवरचा नकाशा आता जिवंत वाहतूक दाखवतो, त्याच्यावर विसंबा. चालकाने गाडी हाकताना त्याच्यावर जरूर विसंबावे. पण केंद्र कुठे बांधायचे हा आजच्या सातचा प्रश्न नाही, वर्षातल्या सगळ्या सातांचा आहे. आणि तो नकाशा एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंतचा वेळ सांगतो. क्षेत्र हवे असेल तर चौरसांची जाळी टाकून शेकडो जागांचे वेळ, वेगवेगळ्या प्रहरी, पुन्हा पुन्हा विचारावे लागतात. तसे कोणी करत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. दोन स्क्रीनशॉट काढून 'बघा, अठरा मिनिटे' म्हणणारा हे करत नसतो.

आता डागाच्या रंगाविषयी, थोडक्यात. हिशेब चौकांचा होतो, डाग नंतर काढला जातो. पोहोचलेल्या चौकांभोवती दोरी आवळावी तशी एक कड काढून आतला भाग रंगवतात. दोरी ढिली असेल, तर उल्हास नदीच्या पलीकडचा, जिथे पूलच नाही असा काठ रंगतो. मलंगगडाच्या बाजूचे डोंगरउतार रंगतात. रुळांच्या पलीकडची न पोहोचलेली पट्टी दोन पोहोचलेल्या भागांच्या मध्ये सापडते आणि तीही रंगते. म्हणजे पादचारी पूल गाळून एवढे कष्टाने बुजवलेले भोक रंगाच्या शेवटच्या हाताने पुन्हा उघडते. माझा आग्रह साधा आहे. डाग काढूच नका, रस्त्यांच्या रेषाच रंगवा. न रंगलेली रेघ डोळ्यांना लगेच टोचते, न रंगायला हवा होता असा डाग टोचत नाही.

डागात किती लोक येतात याचे आकडे दिले जातात, त्यांनाही एक ठिगळ आहे. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि बदलापूरची १,७४,२२६ होती. २०२१ची जनगणना झालीच नाही. या काळात बदलापूर कसे वाढले ते तिथली सकाळची लोकल सांगते. जुन्या आकड्यांवर मोजले, तर सेवाक्षेत्राच्या बाहेर पडणारे बदलापूर प्रत्यक्षाहून लहान दिसते आणि आत असलेले, आधीच दाटलेले उल्हासनगर तुलनेने मोठे. टक्केवारी आपोआप अंबरनाथच्या केंद्राच्या बाजूने झुकते.

पण जाळे नीट केले, वेग मोजले, कड आवळली, तरी एक गोष्ट उरते, आणि माझ्या मते तीच सर्वांत जड आहे. सेवाक्षेत्राचा नकाशा असे गृहीत धरतो की फोन येतो तेव्हा गाडी केंद्रात उभी आहे. एका फेरीचा हिशेब करा. जायला वीस मिनिटे, जागेवर पंधरा, रुग्णालयात न्यायला वीस, तिथे रुग्ण सोपवायला पंधरा, परत यायला वीस. नव्वद मिनिटे. दिवसाला अशा आठ फेऱ्या झाल्या तर ७२० मिनिटे, म्हणजे चोवीस तासांतले बारा. त्या बारा तासांत केंद्राचा हिरवा डाग अस्तित्वातच नसतो. आणि सगळ्या फेऱ्या उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात संपत नाहीत. गंभीर रुग्णाला तिथून कळव्याला किंवा मुंबईला न्यावे लागते, आणि तशा एका फेरीत गाडी अर्धा दिवस जाते.

दोन गाड्या असल्या तर? तेच आठ फोन दोघींत वाटले, तर प्रत्येक गाडी पाव वेळ बाहेर. एकमेकींशी संबंध नाही असे धरले, तर दोन्ही एकाच वेळी बाहेर असण्याची शक्यता पावाचा पाव, म्हणजे शंभरात साधारण सहा वेळा. फोन संध्याकाळी गर्दी करून येतात, म्हणून प्रत्यक्षात ती जास्त असते. तरी पन्नासावरून सहाच्या आसपास येणे, हा लाभ जागा चार चौक इकडेतिकडे सरकवून कधीही मिळणार नाही. मार्क डॅस्किन यांनी १९८३ साली हाच विचार गणितात बसवला. गाडी व्यस्त असण्याची शक्यता धरून केंद्रे मांडायची. त्याआधी चर्च आणि रेव्हेल यांनी १९७४ साली मांडलेल्या गणितात गाडी नेहमी घरीच असे. आपल्याकडचे नकाशे अजून १९७४मध्येच आहेत.

शिवाय आधी किती गाड्या हव्यात हेही विचारू. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा ढोबळ निकष म्हणजे एक लाख लोकांमागे एक प्राथमिक सुविधांची गाडी आणि पाच लाखांमागे एक प्रगत सुविधांची. जुन्याच आकड्यांनी या तीन शहरांची बेरीज ९,३३,७९९ होते. म्हणजे नऊ आणि दोन. २६ जानेवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात १०८ सेवा ९३७ गाड्यांनी सुरू झाली, त्यात २३३ प्रगत होत्या. राज्याची तेव्हाची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी धरली तर एका गाडीमागे सुमारे एक लाख वीस हजार माणसे. मग वाट्याला येणाऱ्या साऱ्या गाड्या एकाच आवारात उभ्या करायच्या कशासाठी?

त्यावर खर्चाचे कारण पुढे केले जाते. एक इमारत स्वस्त, तीन महाग. पण १०८च्या गाड्या मुळात स्वतंत्र इमारतींतून चालतच नाहीत. त्या सरकारी रुग्णालयांच्या आणि आरोग्य केंद्रांच्या आवारात उभ्या असतात. केंद्र म्हणजे गाडी उभी करण्याची जागा, दोन माणसांना बसायला सावली, गाडीतली उपकरणे चार्ज करायला विजेचे बटण आणि पाण्याची सोय. ते तिन्ही शहरांत करता येते. आणि तसे केले तर वरच्या कार्यक्रमात फक्त शेवटच्या काही ओळी बदलतात. `multi_source_dijkstra_path_length` ला एकाऐवजी अनेक जागा द्यायच्या आणि प्रत्येक चौकाला सर्वांत जवळच्या गाडीचा वेळ मिळतो.

त्यातून मला जे दिसते ते असे. पहिली अट रुळांची. बदलापुरात एक गाडी पश्चिमेला उभी असली, तर तेहेतीस मिनिटांतली उड्डाणपुलाची आणि बाजारपेठेची साडेबारा मिनिटे तिच्या वाट्याला येतच नाहीत, आणि दुसरी पूर्वेला असली तर तिलाही पूल ओलांडावा लागत नाही. उल्हासनगरलाही तसेच, एक पहिल्या तीन कॅम्पांच्या बाजूला, एक चौथ्या-पाचव्याच्या. अंबरनाथला दोन्ही बाजूंना. म्हणजे किमान सहा जागा, आणि उरलेल्या गाड्या संध्याकाळी जिथे पूल तुंबतो तिथे सरकवायच्या. केंद्र मध्यावर असावे ही कल्पना गोल आणि सपाट गावासाठी ठीक आहे. लांबट, रुळांनी उभी चिरलेली तीन गावे तशी नाहीत.

माझ्या या मांडणीतही भोक आहे आणि ते नदीचे आहे. जुलै २०१९मध्ये उल्हासला पूर आला तेव्हा बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. त्या दिवशी बदलापूर पश्चिमेला उभी केलेली गाडी पाण्याने वेढलेल्या बाजूला असते. वळसा घालायला रस्ता नसतो, आणि जाळ्यातून नदीकाठचे रस्ते काढून टाकून पुन्हा हिशेब केला तर तिचे सेवाक्षेत्र काही गल्ल्यांपुरते उरते. मी पुराची ती दुसरी आवृत्तीही नेहमी काढतो आणि पहिल्या नकाशाशेजारी लावतो. पश्चिमेची गाडी तरीही पश्चिमेलाच हवी, असे माझे मत आहे, कारण पुराचे दिवस वर्षात मोजके आणि संध्याकाळचे सात रोजचे. पण ती नदीपासून किती दूर, आणि किती उंचीवर उभी करायची, हे ठरवताना रस्त्यांच्या नकाशाबरोबर पुराची पातळी मांडायला लागेल, आणि २०१९ साली पाणी नक्की कुठल्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आले होते हे त्या वस्तीतल्या लोकांनाच विचारायला लागेल.